दोनशे कोटी वर्षांपूर्वीची अणुभट्टी

रात्री दुकान बंद करताना गल्ला आणि वही यांचा मेळ बसला नाही, फरक चार आण्यांचा का असेना, तर जुन्या वळणाचा वाणी जेवायला उठत नसे. चार आण्यांची त्याला फिकीर नव्हती. पण चूक कुठे आहे हे कळल्याशिवाय उद्याची बाकी मांडायची कशी? आज जी हकीकत सांगणार आहे ती अशाच एका न जुळलेल्या हिशेबापासून सुरू होते.

साल १९७२, महिना जूनचा. फ्रान्सच्या दक्षिण भागात पिएरलात नावाचे गाव आहे. तिथे युरेनियमवर प्रक्रिया करण्याचा मोठा सरकारी कारखाना होता. कारखान्यात येणाऱ्या मालाचे नमुने तपासण्याचे काम तिथल्या प्रयोगशाळेत रोज चाले. ते करीत असताना बुझिग नावाच्या रसायनज्ञांना एका नमुन्यात काहीतरी कमी आढळले.

काय कमी आढळले हे समजायला युरेनियमची थोडी ओळख हवी. जमिनीतून निघणाऱ्या युरेनियमचे अणू मुख्यतः दोन जातींचे असतात. एक जड, त्याला युरेनियम २३८ म्हणतात. दुसरा किंचित हलका, तो युरेनियम २३५. रंगारूपात, रसायनात दोघे सारखेच, जुळ्या भावांसारखे. पण गुणात मोठा फरक. २३५ वर न्यूट्रॉन नावाचा सूक्ष्म कण येऊन आदळला, तर तो अणू फुटतो आणि उष्णता बाहेर पडते. अणुभट्टी चालते ती मुख्यतः याच्यावर, आणि बाँबही याचाच होतो. खाणीतल्या युरेनियममध्ये हा गुणी भाऊ फार थोडा: एक लाख अणूंत ७२०, बाकी जवळजवळ सगळे २३८.

हे ७२० चे प्रमाण सगळीकडे एकच असते, आणि माझ्या गोष्टीचा खुंटा तिथेच आहे. खाण आफ्रिकेतली असो, कॅनडातली असो की आपल्या जादुगुड्याची असो, प्रमाण तेच. चंद्रावरून आणलेल्या दगडांतही तेच. आणि पिएरलातच्या नमुन्यात भरले ७१७. लाखात तीन अणू कमी.

तीन म्हणजे काहीच नाही असे आपल्याला वाटेल. पण मोजण्याचे यंत्र इतके अचूक होते की ती चूक म्हणून सोडून देणे शक्य नव्हते. शिवाय हा माल बाँबचा. २३५ कुठे कमी होते याचा अर्थ ते कुठेतरी गेले. कोणी काढून घेतले? की कारखान्यात वापरून उरलेले निकस युरेनियम चांगल्या मालात मिसळले गेले?

तपास उलट्या दिशेने सुरू झाला. ज्या टाकीतला नमुना होता तिच्यात माल कुठून आला, त्याआधी तो कोणत्या कारखान्यात शुद्ध झाला, त्याच्याही आधी कुठून आला, असे एकेक पाऊल मागे जात गेले. प्रत्येक ठिकाणी ठेवलेले जुने नमुने काढून तपासले, आणि प्रत्येक ठिकाणी तूट होतीच. भट्टीत जळालेले युरेनियम चुकून मिसळले असावे ही शंकाही टिकली नाही. अशा जळक्या युरेनियममध्ये २३६ नावाचा तिसरा अणू तयार झालेला असतो, आणि इथे त्याचा मागमूस नव्हता. अखेर माग निघाला तो थेट पश्चिम आफ्रिकेतील गॅबन या देशात. १९६० पर्यंत तो फ्रान्सच्या ताब्यात होता. तिथे फ्रान्सव्हिल शहराच्या वायव्येला मुनाना या गावाजवळ ओक्लो नावाची युरेनियमची खाण होती. तिथल्या दगडातच, कोणाचा हात लागण्यापूर्वीच, २३५ कमी होते. मग काही नमुने असे मिळाले की त्यांत लाखात ७२० च्या जागी ४४० अणू निघाले. पुढे तर २९० पर्यंतचे आढळले. तोपर्यंत खाणीतून आलेल्या मालात मिळून सुमारे २०० किलो २३५ कमी भरत होते.

आता चोराचा प्रश्न मिटला, पण त्याहून अवघड प्रश्न उभा राहिला. जमिनीत पडलेल्या दगडातून दोन जुळ्या भावांपैकी नेमका एकच कोण उचलून नेईल? रसायनशास्त्राला ते जमत नाही, कारण रसायनाला दोघे सारखेच. उरला एकच मार्ग: २३५ फुटून गेले असले पाहिजे. म्हणजे जमिनीच्या पोटात, माणूस तर सोडाच, झाडझाडोराही पृथ्वीवर नव्हता त्या काळात, अणुभट्टी पेटली असली पाहिजे.

म्हणायला सोपे, पण पुरावा काय? चूल विझून कितीही दिवस झाले तरी राखेवरून कळते की इथे काही जळले होते. अणू फुटतो त्याचीही राख असते. युरेनियमचा अणू फुटला की त्याचे दोन लहान अणू होतात, ठरावीक जातींचे आणि ठरावीक प्रमाणात. त्यांपैकी निओडिमियम नावाच्या धातूने या प्रकरणात उत्तम साक्ष दिली. जमिनीत सर्वत्र सापडणाऱ्या निओडिमियममध्ये १४२ या जातीचे अणू शंभरात सुमारे २७ असतात. पण युरेनियमच्या फुटण्यातून निओडिमियम १४२ तयार होत नाही. १४३ आणि त्याच्या पुढच्या जाती तयार होतात. ओक्लोच्या दगडातले निओडिमियम तपासले तेव्हा १४२ चे प्रमाण शंभरात सहाच्याही आत आले. तेवढे साधे निओडिमियम दगडात आधीपासून होते असे धरून वजा केले, आणि उरलेल्या जातींचे एकमेकांशी प्रमाण पाहिले. ते अणुभट्टीतल्या राखेशी तंतोतंत जुळले. रुथेनियम, झेनॉन यांनीही तीच साक्ष दिली. सप्टेंबर १९७२ मध्ये फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाने ही गोष्ट जगाला जाहीर केली.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. असे घडू शकते हे एका माणसाने सोळा वर्षे आधी कागदावर मांडून ठेवले होते. पॉल कुरोडा हे जन्माने जपानी, अमेरिकेत आर्कान्सा विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी १९५६ मध्ये गणित करून दाखवले की दोनशे कोटी वर्षांपूर्वी युरेनियमचा पुरेसा मोठा साठा एका जागी असता आणि तिथे पाणी असते, तर तो आपोआप पेटला असता. त्या काळी तो एक चमत्कारिक विचार म्हणून राहिला. ओक्लो सापडल्यावर लोकांना कुरोडा आठवले.

पण दोनशे कोटी वर्षांपूर्वीच का? आज का नाही? माझ्या मते सगळ्या हकीकतीतला गाभा हा आहे, म्हणून थोडे सावकाश जाऊ.

युरेनियम कायम टिकणारे नाही. त्याचे अणू आपोआप, हळूहळू, दुसऱ्या पदार्थांत बदलत जातात. २३५ निम्मे व्हायला ७० कोटी वर्षे लागतात. २३८ निम्मे व्हायला सुमारे ४५० कोटी. म्हणजे गुणी भाऊ उधळ्या, आणि दुसरा चिकट. आपण काळात उलटे मागे गेलो तर हेच दामदुप्पट होऊन दिसेल: २३५ दर ७० कोटी वर्षांना दुप्पट, २३८ दर ४५० कोटी वर्षांना दुप्पट. सावकारी व्याजाचे गणित ज्यांना ठाऊक आहे त्यांना इथे अडचण पडू नये.

शिक्षकबंधूंना हा हिशेब फळ्यावर मांडता येईल. आजचे दहा हजार अणू घ्या: त्यांत २३५ चे ७२, २३८ चे ९,९२८. दोनशे कोटी वर्षे मागे जा. २३५ ची जवळजवळ तीन वेळा दामदुप्पट होते. पुरी तीन झाली असती तर आठ पट, थोडी कमी म्हणून सात पट धरा. ७२ चे सुमारे ५१६ होतात. २३८ मात्र एका दुपटीपर्यंतही पोचत नाही. ९,९२८ चे सुमारे १३,५४० होतात. आता ५१६ चे एकूण १४,०५६ शी प्रमाण काढा. उत्तर येते शेकडा साडेतीनहून थोडे अधिक. आज शेकडा पाऊणही नाही.

या आकड्याचे महत्त्व आपल्या तारापूरवरून कळेल. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. त्या साध्या पाण्यावर चालणाऱ्या जातीच्या, आणि अशा भट्टीत खाणीतले युरेनियम जसेच्या तसे टाकले तर ती पेटत नाही. म्हणून कारखान्यात मोठ्या खटपटीने त्यातले २३५ वाढवावे लागते, शेकडा दोन-तीन ते पाचपर्यंत. पिएरलातचा कारखानासुद्धा २३५ वाढवण्याचेच काम करी. जे माणसाला आज एवढ्या खर्चाने करावे लागते, ते दोनशे कोटी वर्षांपूर्वी जमिनीत आयते पडले होते. त्या काळचे साधे, खाणीतले युरेनियमच तारापूरच्या इंधनासारखे होते.

आता पाण्याचे काम काय, ते पाहू. २३५ चा अणू फुटतो तेव्हा त्यातून दोन-तीन नवे न्यूट्रॉन उडतात. ते दुसऱ्या अणूंवर आदळून त्यांना फोडतील, तर काम साखळीसारखे चालू राहील. पण नवे न्यूट्रॉन भरधाव असतात, आणि २३५ ला फोडायला संथ न्यूट्रॉन फार उपयोगी. शिवाय वेग पुरता उतरण्याआधी भोवतालचा २३८ त्यांना गिळून टाकतो. तेव्हा त्यांचा वेग झटपट उतरवायला कोणीतरी हवे. गोट्या खेळलेल्या माणसाला हे लगेच कळेल. तुमची गोटी मोठ्या धोंड्यावर आपटली तर तशीच वेगाने मागे येते. पण दुसऱ्या तेवढ्याच गोटीवर नेमकी बसली तर आपली जागच्या जागी थांबते आणि दुसरी पळते. न्यूट्रॉनच्या जोडीची गोटी म्हणजे हायड्रोजनचा गाभा. दोघांचे वजन जवळजवळ एक. आणि हायड्रोजन पाण्यात भरपूर. म्हणून युरेनियमच्या दगडात पाणी मुरलेले असले की न्यूट्रॉन लवकर संथ होतात आणि साखळी धरते.

आणखी दोन अटी आहेत, त्या थोडक्यात सांगतो. युरेनियमचा थर फार पातळ असला तर न्यूट्रॉन बाहेर निसटतात. कुरोडांच्या हिशेबाने जाडी साधारण अर्ध्या-पाऊण मीटरहून अधिक हवी. आणि दगडात न्यूट्रॉन फुकट गिळणारे पदार्थ, बोरॉनसारखे, फार असता कामा नयेत. ओक्लोला दोन्ही अटी पुऱ्या झाल्या.

पण एक प्रश्न राहतोच. २३५ चे प्रमाण जितके मागे जावे तितके वाढते. पृथ्वी जन्मली तेव्हा, सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी, ते शेकडा वीसच्याही वर होते. मग त्याच वेळी जागोजाग भट्ट्या का पेटल्या नाहीत? ओक्लोसाठी अडीचशे कोटी वर्षे थांबायला का लागले?

उत्तर हवेत आहे. पृथ्वीच्या आरंभीच्या हवेत प्राणवायू जवळजवळ नव्हता. लोखंड आणि युरेनियम यांची या बाबतीत उलटी रीत आहे. लोखंडाला हवा लागली की ते गंजून पाण्यात विरघळेनासे होते. युरेनियमला प्राणवायू मिळाला की ते पाण्यात विरघळू लागते, आणि प्राणवायू नसला तर दगडासारखे बसून राहते. त्यामुळे जुन्या काळात युरेनियम खडकांत कणाकणाने विखुरलेलेच राहिले. नदीने खडक झिजवले, तर युरेनियमचे कण सोन्याच्या कणांसारखे वाळूत वाहत आले आणि जड म्हणून तळाशी बसले. दक्षिण आफ्रिकेत विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणीत असे गोल झिजलेले युरेनियमचे कण आजही सापडतात. ते सुमारे २८० कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा २३५ शेकडा सात होते. म्हणजे इंधन ओक्लोच्या दुपटीने तेज. पण ते पेटले नाही, कारण सगळे वाळूत पातळ पसरलेले. ओल्या गवऱ्यांच्या ढिगात दोन कोरड्या काड्या टाकाव्या, तसे.

मग सुमारे २४० ते २३० कोटी वर्षांपूर्वी हवा बदलली. समुद्रात अगदी सूक्ष्म, डोळ्यांना न दिसणारे जीव होते. ते आजच्या झाडांच्या पानांसारखे ऊन खाऊन प्राणवायू सोडत. शेवाळासारखा त्यांचा थर साचे. हा प्राणवायू आधी समुद्रातले लोखंड गंजवण्यात संपे; मग तो हवेत साठू लागला. आता पावसाचे पाणी खडकातून झिरपताना युरेनियम विरघळवून आपल्याबरोबर नेऊ लागले. विखुरलेले धन गोळा करून नेणारा वाहक प्रथमच मिळाला.

वाहक मिळाला, पण माल उतरवून घेणारे कोणी हवे. तेही त्याच जिवांनी पुरवले. फ्रान्सव्हिलच्या खोऱ्यात मेलेल्या सूक्ष्म जिवांचा गाळ साचून काळा, तेलकट दगड झाला होता. त्यातून निघालेले तेल शेजारच्या वालुकाश्माच्या भेगांत शिरले. युरेनियम वाहून आणणारे पाणी या तेलकट थराला भिडले की तिथे प्राणवायू संपे, आणि युरेनियम विरघळलेले राहू शकत नसे. ते तिथेच खाली बसे. हे हजारो वर्षे चालले, आणि एका जागी युरेनियमचे जाड थर जमले. थर पेटू लागल्यावर गरम पाण्याने भोवतालची वाळू विरघळवून नेली, त्यामुळे मागे चिकणमाती आणि त्यात अधिकच दाट झालेले युरेनियम राहिले. काही ठिकाणी दगडाच्या निम्म्याहून अधिक भाग युरेनियमचा होता.

म्हणजे पाहा: प्राणवायूच्या आधी इंधन तेज होते, पण गोळा होत नव्हते. प्राणवायूच्या नंतर गोळा होऊ लागले, पण तोवर २३५ चे भांडार रिते होत चालले होते. कॅनडातल्या सिगार लेक येथे युरेनियमचा फार श्रीमंत साठा आहे, ओक्लोच्या सामान्य खनिजापेक्षा कितीतरी दाट. तो सुमारे १३० कोटी वर्षांचा. तिथे भट्टी पेटल्याची खूण नाही. हिशेब केलात तर दिसेल की तोपर्यंत २३५ शेकडा दोनच्या आसपास उतरले होते. दक्षिण आफ्रिका फार लवकर, कॅनडा फार उशिरा, आणि मध्ये ओक्लो. ओक्लो आणि त्याला लागून असलेले ओकेलोबोंडो, शिवाय तिथून सुमारे ३० किलोमीटरवरचे बांगोंबे, अशा जागी मिळून सतराच्या आसपास भट्ट्या सापडल्या. जगात इतरत्र कुठेही अशी भट्टी आजवर सापडलेली नाही.

आता सगळ्यांत स्वाभाविक प्रश्न. अणूंची साखळी एकदा धरली तर स्फोट का झाला नाही? पुन्हा चुलीकडे जाऊ. भाताचे पातेले भरून ठेवले आणि जाळ फार झाला, की पाणी उतू जाते, विस्तवावर पडते आणि जाळ मंदावतो. जास्त उष्णतेनेच आग मंद होते. ओक्लोला तसेच, फक्त पाण्याची बाजू उलटी. तिथे पाणी होते म्हणून भट्टी पेटत होती. दगड तापला की पाणी उकळून निघून जाई. पाणी गेले की न्यूट्रॉन संथ होईनात, आणि भट्टी विझे. दगड निवला की पाणी पुन्हा झिरपून येई आणि भट्टी पुन्हा पेटे. कोणी पहारेकरी नको, कळ दाबणारा नको.

ही चढउतार किती वेळाची होती हेसुद्धा मोजता आले, आणि मला यातले कसब फार आवडते. अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलेक्स मेशिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ओक्लोच्या दगडातील ॲल्युमिनियम फॉस्फेटच्या बारीक कणांत अडकलेला झेनॉन वायू तपासला. अणू फुटला की लगेच झेनॉन होत नाही. आधी टेल्यूरियम, आयोडिन असे पूर्वज होतात, आणि त्यांतून पुढे झेनॉन. झेनॉनच्या कोणत्या जातीचे पूर्वज काही मिनिटांत संपतात, कोणत्या जातीचे तास-दिवस टिकतात. भट्टी तापलेली असताना तयार झालेला वायू निसटून जाई. ती निवल्यावर तयार होणारा वायू कणांत अडके. म्हणून कोणती जात किती अडकली यावरून भट्टी किती वेळ तापलेली आणि किती वेळ थंड हे काढता आले. उत्तर आले: सुमारे अर्धा तास चालू, मग अडीच तास बंद. आजच्या दिवसाच्या मापाने रोज आठ वेळा.

असे ते काही लाख वर्षे चालले. त्यात पाच टनांहून अधिक २३५ जळाले. (मघाशी २०० किलो तूट म्हटले, आणि आता पाच टन, असे का, हे कोणी विचारील. जळाले नसते तरी त्यातले बहुतेक एव्हाना आपोआप संपले असते. आणि २०० किलो ही फक्त १९७२ पर्यंत खणून काढलेल्या मालातली तूट.) सगळी उष्णता एकत्र केली तर आजच्या एका मोठ्या अणुवीज केंद्राची भट्टी चार-पाच वर्षांत देते तेवढी भरेल. पण लाखो वर्षांवर पसरली, म्हणून सरासरी शक्ती शंभर किलोवॅटच्या आसपास. शेतावरचे पाच घोडेशक्तीचे पंचवीस-सव्वीस पंप चालतील इतकीच. अणुभट्टी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जे उभे राहते त्या मानाने ही धुनी होती.

धुनी विझली ती जळण संपत आल्यामुळे. २३५ कमी होत गेले, आणि राखेतले काही पदार्थ स्वतःच न्यूट्रॉन गिळू लागले. मागे उरलेल्या राखेचे काय झाले, याकडे शास्त्रज्ञांचे लक्ष फार लागले, कारण आपल्या भट्ट्यांची राख हजारो वर्षे कुठे पुरायची हा आजचा मोठा प्रश्न आहे. १९७५ मध्ये गॅबनची राजधानी लिब्रव्हिल येथे आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हा याचा विचार झाला. ओक्लोच्या भट्टीत प्लुटोनियमही तयार झाले होते. ते सुमारे २४,००० वर्षांत निम्मे होते. आता त्याचा कणही उरलेला नाही. पण ते ज्या जागी झाले तिथेच राहून संपले, फारसे हलले नाही, हे त्याच्या मागे राहिलेल्या युरेनियमवरून कळते. निओडिमियमसारखे पदार्थही बहुतांशी जागेवर राहिले. सीझियमसारखे पाण्यात सहज मिसळणारे पदार्थ आणि वायू मात्र बऱ्याच अंशी निसटले. तेव्हा ‘निसर्गाने राख सुरक्षित पुरून दाखवली’ असे जे कोणी सरसकट म्हणतात, ते मला अर्धेच खरे वाटते. काही पदार्थ चिकणमातीने धरले, काही सोडले. आणि एका खडकात जमले ते दुसऱ्या खडकात जमेलच असे नाही.

मुनानातले खाणकाम १९९९ मध्ये बंद झाले. बहुतेक भट्ट्या तोपर्यंत खणून, दळून, इंधन होऊन गेल्या होत्या. शोध लागल्यावर काही भाग अभ्यासासाठी राखला, एवढेच. बांगोंबेची भट्टी जमिनीखाली फार खोल नाही, जेमतेम दहा-बारा मीटरवर आहे. गॅबनचा पाऊस मोठा. ते पाणी आजही तिच्यातून झिरपत जाते, आणि काही घडत नाही. तिच्या दगडातले २३५ आता लाखात ७२० सुद्धा भरत नाही.